घरातल्या कॉम्प्युटरवरच्या फायलींनाही मुदत हवी! ‘डाउनलोड्स’साठी तीन ओळींचा नियम

जून-जुलै म्हणजे वऱ्हाडातल्या घरातल्या कॉम्प्युटरचा हंगाम. शेतात पेरणीची घाई आणि घरात प्रवेशाची. बाबांना पीककर्जासाठी सातबारा हवा असतो, ताईला सीईटीनंतरच्या प्रवेशफेरीसाठी कागदपत्रं, आजोबांना पेन्शनची स्लिप आणि आईला बचतगटाच्या खात्याचं स्टेटमेंट. फोन प्रत्येकाचा वेगळा, पण अर्ज भरायला, स्कॅन करायला आणि प्रिंट काढायला कॉम्प्युटर एकच. बहुतेक घरांत त्याचं लॉगिनही एकच. त्यामुळे चौघांचे कागद शेवटी एकाच जागी पडतात. ती जागा म्हणजे ‘डाउनलोड्स’चं फोल्डर.

या फोल्डरवरून घरात होणारा संवाद ठरलेला आहे. “हे कोनाचं व्हय? काढून टाकू काय?” आणि आतल्या खोलीतून उत्तर, “राहू दे, लागन कधीतरी!” वर्षानुवर्षं असंच ‘राहू दे’ होत गेलं की त्या फोल्डरमध्ये शेकडो फायली साठतात. नावं काय, तर `document (3).pdf`, `download.pdf`, `WhatsApp Image 2025-06-14 at 10.22.31 AM.jpeg`. त्यातली कुठली कुणाची आणि कुठली चालू, हे कुणालाच सांगता येत नाही.

माझं मत असं की घरच्या सामाईक कॉम्प्युटरवर फायली विषयानुसार लावत बसण्यात अर्थ नाही. त्या मुदतीनुसार लावायला हव्यात. कारण घरातल्या कागदांचा खरा घोळ ‘सापडत नाही’ हा नसतो. जुना कागद सापडतो आणि तोच नवा समजून अपलोड होतो, हा खरा घोळ असतो.

जागेचा नव्हे, चुकीच्या कागदाचा प्रश्न

“हार्ड डिस्कमध्ये जागा भरपूर आहे, मग काढायचं कशाला? शोधलं की सापडतं,” असं अनेक जण म्हणतात. जागेपुरतं ते बरोबरच आहे. सातबाऱ्याची किंवा दाखल्याची पीडीएफ अगदी लहान असते. जागा खातात ते व्हिडिओ. पण दाखल्याचं नुकसान जागेत मोजायचं नसतं.

नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राचंच उदाहरण घ्या. त्यावर ते कुठल्या तारखेपर्यंत वैध आहे हे छापलेलं असतं आणि ती तारीख ३१ मार्च असते. २०२५-२६ च्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागत होतं. आता कॉम्प्युटरवर दोन प्रमाणपत्रं आहेत असं समजा. एक ३१ मार्च २०२५ ला संपलेलं, दुसरं नवं. दोन्हींवर नाव तेच, मांडणी तीच. फरक फक्त एका ओळीतल्या तारखेचा. सर्चमध्ये दोन्ही सापडतात आणि घाईत जुनं अपलोड होतं. छाननीत त्रुटी निघाली आणि ती ठरलेल्या दिवसांत दुरुस्त झाली तर ठीक. नाही झाली, तर उमेदवार राखीव प्रवर्गातून खुल्या प्रवर्गात धरला जातो. प्रमाणपत्र घरात असून जागा जाते.

सातबाऱ्याचंही तेच. त्याच्यावर मुदत छापलेली नसते, पण फेरफार झाला की जुना उतारा आजचं चित्र दाखवत नाही. वाटणी झाली, वारसनोंद झाली किंवा बोजा चढला-उतरला, तर वर्षभरापूर्वीची पीडीएफ जुन्याच नोंदी सांगत राहते. शिवाय महाभूमीच्या संकेतस्थळांवरून येणारे उतारे दोन प्रकारचे असतात. फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा कामकाजात चालतो. डाउनलोड्समध्ये दोन्ही शेजारी पडले की वरवर पाहून फरक कळत नाही.

आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे नावापुढचा कंसातला आकडा. अकोल्यातल्या एखाद्या घरात एक मूल बारावीला आणि दुसरं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकतंय असं समजा. दोघांनी एकाच कॉम्प्युटरवर हॉलतिकीट उतरवलं तर एकाचं `HallTicket.pdf` आणि दुसऱ्याचं `HallTicket (1).pdf` होऊ शकतं. बघणाऱ्याला वाटतं, (1) म्हणजे त्याच फायलीची नवी किंवा जादा प्रत. प्रत्यक्षात त्या नावाची फाइल आधीपासून तिथं होती, एवढंच ब्राउझर सांगत असतो. ‘डबल झालंय’ म्हणून ती काढली, तर भावाचं हॉलतिकीट जातं.

नियम तीन ओळींचा

कॉम्प्युटरवर तीन फोल्डर असू द्या. `Downloads` आहेच. त्याशिवाय `Mudat` आणि `Kayam` अशी दोन नवी करा. नियम असा :

१. ज्या फायलीच्या नावापुढे तारीख नाही, ती `Downloads` मध्ये तीस दिवस राहील.

२. ज्या फायलीची मुदत माहीत आहे, तिच्या नावापुढे ती तारीख लिहून ती `Mudat` मध्ये जाईल.

३. जी फाइल पुन्हा कुठूनही मिळणार नाही, ती त्याच दिवशी `Kayam` मध्ये जाईल.

यात ‘हे महत्त्वाचं आहे का?’ असा प्रश्न कुठेच नाही, कारण डाउनलोड करताना प्रत्येकाला आपली फाइल महत्त्वाचीच वाटते. प्रश्न दोनच आहेत : हे पुन्हा मिळेल का? आणि हे कधी संपतं? या दोन प्रश्नांची उत्तरं घरातल्या कुणालाही देता येतात. ‘शेती’, ‘शिक्षण’, ‘बँक’ अशी फोल्डरं केली की शैक्षणिक कर्जासाठी काढलेला सातबारा कुठे ठेवायचा, यावरच अडतं आणि आठवडाभरात सगळे पुन्हा डाउनलोड्सकडे वळतात.

नाव लिहिण्याची पद्धत एकच ठेवा. आधी मुदत, मग कुणाचं, मग काय.

```
2025-07-31_Baba_SatBara.pdf
2025-11-30_Aajoba_HayatDakhla.pdf
2026-03-31_Tai_NonCreamy.pdf
```

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी लिहायची, कारण कॉम्प्युटर नावं डावीकडून वाचून क्रमाने लावतो. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला, तर ३१ जुलै आणि ३१ मार्च शेजारी येतील. वर्ष आधी लिहिलं की सगळ्यात आधी संपणारी फाइल आपोआप सगळ्यात वर येते. फोल्डर उघडलं की वरच्या दोन-तीन ओळी पाहायच्या, आजच्या आधीची तारीख दिसली की ती फाइल संपली. नावात रोमन अक्षरं ठेवली आणि मोकळी जागा टाळली, तर अपलोड करताना काही सरकारी संकेतस्थळांवर होणारा त्रासही वाचतो.

नाव बदललं तर डिजिटल स्वाक्षरी बिघडेल, अशी भीती असते. तसं होत नाही. स्वाक्षरी फायलीच्या आतल्या मजकुराशी बांधलेली असते, नावाशी नाही. ती जाते ती फाइल उघडून पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केल्यावर. तेव्हा दिसायला तसाच, पण स्वाक्षरी नसलेला नवा कागद तयार होतो. म्हणून नाव बदला, पण मूळ फाइल तशीच ठेवा.

एका घरातली बेरीज

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, ते अमरावतीतल्या एका कल्पित घरावर लावून पाहू. घर शहरात, शेत दर्यापूर तालुक्यात. २० जूनला डाउनलोड्समध्ये सहा फायली आहेत.

पहिली, ताईचं नवं नॉन-क्रीमीलेयर. मुदत त्याच्यावरच छापलेली आहे. नावापुढे `2026-03-31` लिहून ते `Mudat` मध्ये गेलं. जुनं प्रमाणपत्र ताईने त्याच वेळी काढून टाकलं. हा भाग महत्त्वाचा : नवा कागद ठेवताना त्याच नावाचा जुना कागद शोधून काढायचा. दोन्ही एकत्र राहिले तर नियमाचा उपयोग नाही.

दुसरी, बाबांचा सातबारा. यावर छापील मुदत नाही, म्हणून मुदत कामावरून ठरवायची. पीककर्जाचं काम जुलैअखेर आटोपेल असा अंदाज, म्हणून `2025-07-31`. त्यानंतर पुन्हा लागला तर ताजा काढायचा. थोड्या पैशांत नवा उतारा मिळत असताना जुना जपण्यात फायदा नाही, उलट धोका आहे.

तिसरी, आजोबांच्या हयातीच्या दाखल्याची पावती. हा दाखला दर नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, म्हणून पुढच्या नोव्हेंबरची अखेर ही त्याची मुदत. पेन्शन अडली तर गेल्या वेळी दाखला दिल्याचा पुरावा तोवर हाताशी राहतो.

चौथी, आईचं ई-आधार. याला तीस दिवसही द्यायचे नाहीत. काम झालं की त्याच दिवशी काढायचं आणि रिसायकल बिनही रिकामं करायचं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. नात्यागोत्यातल्या, शेजारपाजारच्या कुणालाही तो ओळखता येतो. हवं तेव्हा ते पुन्हा डाउनलोड करता येतं, मग सामाईक कॉम्प्युटरवर ठेवायचं कशाला?

पाचवी, काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आजीचा जुना फोटो. मूळ फोटो आता कुणाकडे आहे ते माहीत नाही. हा थेट `Kayam` मध्ये. काकांना मात्र एक निरोप जायला हवा : फोटो पुन्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

सहावी, `document (3).pdf`. उघडून पाहिली तर बँकेचा कसलासा फॉर्म, नाव नाही, तारीख नाही. घरात कुणीच ‘माझं’ म्हणत नाही. हीच फाइल नियमाची खरी परीक्षा घेते.

बेवारस फाइल : आधी हलवा, मग काढा

सामाईक कॉम्प्युटरवर एक मर्यादा पाळावीच लागते. दुसऱ्याची फाइल आपण काढायची नाही. पण मालकच सापडत नसेल तर? त्यासाठी मधला एक थांबा ठेवा. तीस दिवस झालेली फाइल लगेच डिलीट होणार नाही. ती आधी त्या महिन्याच्या `Pratiksha` फोल्डरमध्ये जाईल, तिथे दोन महिने पडून राहील आणि मगच कायमची जाईल.

दर महिन्याच्या १ तारखेला घरातल्या एकाने पंधरा मिनिटं बसायचं. डाउनलोड्स उघडून `Date modified` वर क्लिक केलं की फायली तारखेप्रमाणे लागतात. तीस दिवसांहून जुन्या निवडून कट करायच्या आणि `Pratiksha-2025-07` अशा त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये पेस्ट करायच्या. त्याच बैठकीत दोन महिन्यांपूर्वीचं `Pratiksha-2025-05` हे फोल्डर काढून टाकायचं. काढण्याच्या दोन दिवस आधी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या फोल्डरचा स्क्रीनशॉट टाकला की कुणाला काही हवं असेल तर तो सांगतो. हिशेब केला तर बेवारस फाइलसुद्धा तीन ते चार महिने जगते. एवढ्या काळात तिची आठवण कुणाला झाली नाही, तर ती लागण्याची शक्यता कमीच.

हाताने निवडायचा कंटाळा असेल, तर विंडोजमध्ये आधीपासून असलेली एक कमांड हेच काम करते. स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे एका ओळीत लिहा :

```
robocopy "%USERPROFILE%\Downloads" "%USERPROFILE%\Pratiksha-2025-07" /MOV /MINAGE:30 /XF desktop.ini /L
```

शेवटच्या `/L` मुळे काहीच हलत नाही, काय हलेल याची फक्त यादी दिसते. यादी ठीक वाटली की `/L` काढून तीच कमांड पुन्हा चालवायची. `/MINAGE:30` म्हणजे तीस दिवसांहून नव्या फायलींना हात लावायचा नाही. `/XF desktop.ini` मुळे विंडोजची स्वतःची लपलेली फाइल जागीच राहते. दर महिन्याला फोल्डरच्या नावातला महिना बदलायला विसरू नका. एकाच फोल्डरमध्ये सतत टाकत राहिलात, तर मागच्या महिन्याच्या `download.pdf` वर या महिन्याची `download.pdf` चढेल आणि पहिली गेल्याचं कळणारही नाही.

दोन गोष्टी पाहून घाबरू नका. फायली हलवल्यावर क्रोमच्या डाउनलोड यादीत त्या ‘डिलीट’ झाल्यासारख्या दिसतात, कारण क्रोम फक्त जुन्या जागी पाहतो. दुसरं, पेनड्राइव्हवरून आज आणलेली फाइलही पहिल्याच खेपेला `Pratiksha` मध्ये जाऊ शकते, कारण ती आपली जुनी तारीख सोबत घेऊन येते. म्हणूनच थेट डिलीट न करता आधी हलवायचं.

विंडोजचं आपोआप साफ करणं पुरत नाही

“विंडोजमध्येच सोय आहे की,” असं कुणी म्हणेल. आहे. `Settings > System > Storage > Storage Sense` मध्ये डाउनलोड्समधल्या फायली १, १४, ३० किंवा ६० दिवस उघडल्या नाहीत तर काढून टाकण्याचा पर्याय मिळतो. मुळात तो `Never` वर असतो. सामाईक कॉम्प्युटरवर तो तसाच राहू द्यावा, असं माझं म्हणणं आहे.

कारण तो ‘उघडली नाही’ यावर चालतो आणि घरचे कागद रोज उघडायचे नसतातच. आजोबांची हयातीच्या दाखल्याची पावती वर्षात एकदा पाहिली जाते. साठ दिवस न उघडणं ही तिची रीतच आहे, ती निरुपयोगी झाल्याची खूण नाही. शिवाय फाइल कुणाची हे विंडोजला माहीत नसतं, त्यामुळे तो कुणाला विचारत नाही. त्याच सेटिंगजवळच्या `Temporary files` मध्येही `Downloads` अशी चौकट असते. जागा मोकळी करायच्या नादात तिच्यावर टिक केली, तर चौघांच्या फायली एका क्लिकमध्ये जातात.

हा नियम काय करत नाही

हा नियम गुप्तता देत नाही. एकाच लॉगिनमध्ये सगळ्यांना सगळं दिसतं, मग फोल्डर कितीही नीट असो. ज्याला आपले कागद वेगळे हवेत, त्याच्यासाठी विंडोजमध्ये वेगळं खातं उघडणं हाच उपाय.

तो बॅकअपही देत नाही. `Kayam` मधली फाइल डिस्क बिघडली तर जातेच. या फोल्डरची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवी आणि ती कॉम्प्युटरला कायम जोडलेली नको. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते, हेही लक्षात असू द्या. शाळा-कॉलेजच्या गुणपत्रिकांसारखे जे कागद डिजिलॉकरमध्ये मिळतात, त्यांची एक वाट तिथूनही उघडी राहते. खरेदीखताचं स्कॅन, जुने फोटो, हाताने लिहिलेले हिशेब यांची जबाबदारी मात्र घराचीच.

आणि मुदतीचा अंदाज चुकू शकतो. पीकविम्याची पावती हे त्याचं ठळक उदाहरण. भरपाई कधी जमा होईल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. अशा वेळी हंगाम संपल्याची तारीख न घेता पुढच्या वर्षीच्या त्याच दिवसाची तारीख लिहा. ती आली आणि काम अडलेलंच असेल, तर नावातलं वर्ष एकाने वाढवायचं. मुदत वाढवायला बंदी नाही, फक्त ती मालकाने पाहून वाढवायची.

आधीचा ढिगारा?

गेल्या काही वर्षांच्या फायली लावत बसू नका, कारण त्या कामात घर पहिल्याच दिवशी थकतं. `Kayam` मध्ये न्यायचे फोटो आणि स्कॅन तेवढे आधी बाहेर काढा. उरलेलं सगळं उचलून `Juna-2025-07` नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची मुदत एक वर्ष धरा. वर्षच का? कारण जून ते जून या फेऱ्यात प्रवेश, खरीप, आयकराचं विवरणपत्र, हयातीचा दाखला, रब्बी आणि परीक्षा अशी घरातली कागदाची सगळी कामं एकदा तरी येऊन जातात. त्या काळात जी फाइल लागेल, ती `Juna` मधून काढून तारीख लावून `Mudat` मध्ये ठेवायची. पुढच्या जुलैत त्यात जे उरेल, त्याची यादी एकदा सगळ्यांना दाखवायची आणि मग ते फोल्डर काढायचं.

सुरुवातीला वेळ कमी असेल, तर तीनच कामं करा. `Mudat` आणि `Kayam` ही फोल्डरं तयार करा, घरातली सगळी ई-आधार काढून टाका, आणि प्रवेशफेरीत असलेल्या मुलाच्या प्रत्येक दाखल्यावरची मुदत वाचून ती नावापुढे लिहा. ती वाचतानाच एखादा दाखला संपलेला निघाला, तर सेतू केंद्र गाठायला अजून दिवस हातात असतील.